थिअरी टेस्ट नापास झालात? पुन्हा बुक करण्याआधी

ब्रिटनमध्ये कारची थिअरी टेस्ट नापास झालात, तर पुन्हा देण्याआधी किमान 3 कामाचे दिवस थांबावं लागतं. गुरुवारी नापास झालात, तर शनिवार-रविवार मोजू नका. पुढचा बुधवार धरून चाला. फी दर वेळी पूर्ण, 23 पौंड.

खरी मेख वेगळीच आहे. समजा, प्रश्नांत 50 पैकी 46 मिळाले (43 लागतात), पण हॅझर्ड परसेप्शनमध्ये, म्हणजे व्हिडिओ क्लिप्समधले धोके ओळखण्याच्या भागात, 75 पैकी 41 (44 लागतात). तरी दोन्ही भाग पुन्हा द्यायचे! म्हणून प्रश्नांची उजळणी सोडू नका, पण जास्त वेळ क्लिप्सना द्या. 14 क्लिप्समध्ये 15 धोके असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त 5 गुण. धोका आकार घेऊ लागताच क्लिक करा. ठरावीक लयीत किंवा सतत क्लिक केलंत, तर त्या क्लिपचे शून्य गुण.

घाईघाईत पहिलाच स्लॉट घेण्यापेक्षा दोन आठवडे पुढचा घ्यावा, असं माझं मत. नाहीतर 23 पौंड पुन्हा जायचे. तारीख बदलायची झालीच, तर निदान 3 पूर्ण कामाचे दिवस आधी बदला, म्हणजे फी बुडत नाही.