मुलाखतीनंतरच्या आभाराच्या मेलमध्ये काय लिहावं?

टक्केवारी, डिप्लोमा, अनुभवाची वर्षं हे सगळं बायोडाटात आहेच. मेलमध्ये मुलाखतीत निघालेली कंपनीच्या कामातली एक अडचण घ्या आणि त्यावरचा तुमचा विचार लिहा.

समजा, वाळूज एमआयडीसीत क्वालिटीच्या जागेसाठी मुलाखत झाली आणि बोलता बोलता मॅनेजर म्हणाले, रात्रपाळीत मशीनवर बनलेल्या जॉबवर, म्हणजे सुट्या भागावर, बर म्हणजे कडेची धातूची खरखरीत कोर राहते आणि ती थेट फायनल इन्स्पेक्शनलाच सापडते. मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी लिहा:

"सर, मुलाखतीसाठी वेळ दिल्याबद्दल आभार. रात्रपाळीतल्या बरबद्दल आपण बोललात, त्यावर विचार केला. इन्सर्ट बदलल्यावरचा पहिला जॉब आणि पुढे ठरावीक अंतराने एकेक जॉब मशीनवरच तपासून नोंदवला, तर बर इन्सर्टच्या झिजेमुळे येते की सेटिंगमुळे, हे कदाचित कळेल. रुजू झाल्यास सुरुवात इथून करायला आवडेल."

एवढं पुरे. उपाय ठामपणे सांगू नका. मशीन त्यांनी रोज पाहिलंय, तुम्ही एकदाच. एखादं उत्तर अर्धवट राहिलं असेल, तर ते दोन ओळींत पूर्ण करा. मात्र शॉपफ्लोअरवर दिसलेलं ग्राहकाचं नाव किंवा ड्रॉइंग नंबर मेलमध्ये अजिबात नको. आणि हाच मजकूर दुसऱ्या कंपनीलाही चालत असेल, तर तो पुन्हा लिहा.