तिन्ही पाळ्यांसाठी आगीच्या सरावाची सूचना कशी काढावी: जिनिंग-प्रेसिंगच्या उदाहरणासह

दरवर्षी 14 ते 20 एप्रिल या काळात अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो आणि बहुतेक कार्यालये आपला आगीचा सराव त्याच आठवड्यात उरकून घेतात. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागून त्यातील दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अनेक जवान त्यात मृत्युमुखी पडले, त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह असतो. त्या जहाजात दारूगोळ्याबरोबर कापसाच्या गठाणीही होत्या, ही गोष्ट आपल्या विदर्भातील जिनिंगवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. परंतु आपल्याकडे एप्रिलमध्ये हंगाम संपत आलेला असतो, हंगामी मजूर आपापल्या गावी परतलेले असतात आणि सरावाला उरतात ते कार्यालयातले कायम कर्मचारी. ज्यांना बाहेर पडण्याची वाट माहीत असणे सर्वांत गरजेचे आहे, ती माणसे दिवाळीच्या आगेमागे कामावर येतात. म्हणून एप्रिलचा सराव करावाच, पण मुख्य सराव हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा-वीस दिवसांत, नोव्हेंबरमध्ये, घ्यावा आणि त्याची सूचना कार्यालय, वजनकाटा व कारखाना या तिन्ही ठिकाणच्या तिन्ही पाळ्यांना एकाच वेळी द्यावी.

सूचना लिहिण्यापूर्वी वेळा ठरवाव्यात. पाळी बदलण्याच्या अलीकडे-पलीकडे किमान अर्धा तास सराव ठेवू नये, कारण त्या वेळी जाणारे आणि येणारे असे दोन्ही पाळ्यांचे लोक आवारात असतात आणि हजेरीचा मेळ बसत नाही. गावाच्या आठवडी बाजाराचा दिवसही टाळावा. पाळी संपल्यावर लोकांना थांबवून प्रशिक्षण देणे मला मान्य नाही. रात्रभर काम केलेला माणूस सकाळी सहा वाजता काहीही ऐकण्याच्या स्थितीत नसतो आणि जादा थांबवलेला वेळ हा जादा कामाचा वेळ ठरतो. त्यामुळे सराव आणि प्रशिक्षण मिळून लागणारा एक तास पाळीच्या आतच बसवावा आणि तो कामाचाच वेळ धरला जाईल, हे सूचनेत स्पष्ट लिहावे.

रात्रपाळीच्या तारखेबाबत मी स्वतः चूक केलेली आहे. एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये प्रशासनाचे काम पाहत असताना मी सूचनेत “मंगळवारी रात्री 12:30 वाजता” असे लिहिले. मनात मंगळवारी रात्री दहाला कामावर येणारी पाळी होती. परंतु मध्यरात्री बारानंतर बुधवार सुरू होतो, त्यामुळे काही जणांनी सराव सोमवारी रात्री कामावर येणाऱ्या पाळीसाठी आहे असा अर्थ घेतला आणि त्यांचे म्हणणे तारखेच्या हिशेबाने बरोबर होते. तेव्हापासून मी रात्रपाळीचा सराव मध्यरात्रीपूर्वी संपेल अशा बेताने ठेवतो आणि तारखेबरोबर “या दिवशी रात्री दहाला कामावर येणाऱ्यांसाठी” हे शब्द घालतो.

एकत्र येण्याची जागा ठरवणे हे यातील सर्वांत अवघड काम आहे. सहज सुचणारी जागा म्हणजे मुख्य फाटक, आणि नेमकी तीच चुकीची असते. हंगामात फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग असते आणि अग्निशमनाची गाडी आत येण्याची वाटही तीच असते. जागा इमारतींपासून, कापसाच्या गंजीपासून, रुईच्या गठाणींपासून आणि सरकीच्या ढिगापासून दूर असावी. ती विजेच्या तारांखाली किंवा डीपीजवळ नसावी. आणि तिथे पोहोचण्यासाठी कोणालाही धुरातून जावे लागू नये. वारा रोज एकाच दिशेने वाहत नाही, म्हणून आवाराच्या दोन विरुद्ध टोकांना दोन जागा ठरवाव्यात. उंच खांबावर बांधलेली कापडी पट्टी ज्या दिशेला उडत असेल त्याच्या उलट दिशेच्या जागी सर्वांनी जायचे, एवढा एकच नियम सांगावा. दोन्ही जागांना “एक” आणि “दोन” असे नुसते क्रमांक देण्यापेक्षा “कडुलिंबाखाली” आणि “विहिरीजवळच्या पटांगणात” अशी लोकांच्या तोंडी असलेली नावे द्यावीत. मात्र विहिरीला कठडा नसेल, तर रात्रीच्या अंधारात ती जागा वापरू नये.

यानंतर इशारा ठरवावा. अनेक जिनिंगमध्ये पाळी बदलताना भोंगा वाजतो आणि तोच भोंगा आगीसाठी वापरला, तर लोक डबा उचलून घरी निघतात. आगीचा भोंगा थांबून-थांबून वाजवावा: दहा सेकंद आवाज, पाच सेकंद शांतता, असे सहा वेळा. ग्रामीण भागात वीज केव्हाही जाते, त्यामुळे भोंग्याला बॅटरी असावी. ती नसेल, तर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर त्याच तालाने ठोके देण्याची व्यवस्था असावी. सराव चालू असतानाच खरोखर आग दिसली, तर “खरी आग” हे दोन शब्द ओरडून सांगायचे आणि सराव तिथेच थांबवायचा, हेही आधी ठरलेले हवे.

स्वयंसेवक प्रत्येक पाळीचे वेगळे असावेत आणि प्रत्येकाला एक पर्यायी माणूस असावा, कारण साप्ताहिक सुट्टी आणि आपसातली बदली यांमुळे मूळ माणूस त्या दिवशी हजर असेलच असे नाही. पाच कामे पुरतात. मुख्य स्वयंसेवक इशारा देतो आणि कोणत्या जागी जमायचे ते जाहीर करतो. हजेरी घेणारा फाटकावरची यादी घेऊन माणसे मोजतो. वीज बंद करणारा मुख्य स्विच पाडतो. पण अग्निशमनाच्या पंपाची वीजजोडणी त्या स्विचच्या आधी, वेगळी घेतलेली आहे ना, हे वीजतंत्रीकडून आधी तपासून घ्यावे, नाही तर आग लागताच आपण आपलेच पाणी बंद करू. सरावात स्विच प्रत्यक्ष पाडू नये. त्यावर हात ठेवून “वीज बंद” असे मोठ्याने सांगावे. चौथ्या कामाला, म्हणजे अग्निशामक सिलिंडर चालवायला, दोघे जण असावेत. पाचवा वाट दाखवणारा. तालुक्याच्या नगरपरिषदेची गाडी रात्री गावात आली की तिला कच्चा फाटा सापडत नाही, म्हणून हा माणूस टॉर्च घेऊन पक्क्या सडकेवरच्या फाट्यावर उभा राहतो. रात्रपाळीत माणसे कमी असल्यास मुख्य स्वयंसेवकानेच वीज बंद करावी. मोजणाऱ्याला मात्र दुसरे कोणतेही काम देऊ नये.

एवढे ठरले की सूचना लिहायला बसावे. ती एका पानाची असावी. नमुना असा:

सूचना: आगीतून बाहेर पडण्याचा सराव व सुरक्षा प्रशिक्षण

मंगळवार, दिनांक 24 नोव्हेंबर रोजी तिन्ही पाळ्यांमध्ये सराव घेण्यात येईल. हा सराव आहे. प्रत्यक्ष आग नसेल.

पहिली पाळी (सकाळी 6 ते दुपारी 2): सराव 10:30, प्रशिक्षण 10:50 ते 11:30.
दुसरी पाळी (दुपारी 2 ते रात्री 10): सराव 4:30, प्रशिक्षण 4:50 ते 5:30.
तिसरी पाळी (मंगळवारी रात्री 10 वाजता कामावर येणाऱ्यांसाठी): सराव रात्री 10:45, प्रशिक्षण 11:05 ते 11:45.

थांबून-थांबून भोंगा वाजताच यंत्र बंद करून, सामान न उचलता, जवळच्या दाराने बाहेर पडावे. जमण्याची जागा: कडुलिंबाखाली किंवा विहिरीजवळच्या पटांगणात, त्या वेळी मुख्य स्वयंसेवक सांगतील ती. आपले नाव पुकारले जाईपर्यंत जागा सोडू नये. हा सर्व वेळ कामाचा वेळ धरला जाईल. आपल्या पाळीच्या स्वयंसेवकांची नावे शेजारच्या यादीत आहेत.

ही सूचना सात दिवस आधी फाटक, वजनकाटा, कार्यालय आणि पाणी पिण्याची जागा येथे लावावी. परंतु केवळ कागद लावून सूचना पोहोचत नाही. मजुरांपैकी काहींना वाचता येत नाही आणि काही मध्य प्रदेशातून आलेले असतात, म्हणून आदल्या दिवशी आणि सरावाच्या दिवशी पाळी सुरू होताना ती मराठीत व हिंदीत वाचून दाखवावी. नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागाला, पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवावे. रात्री अकराच्या सुमारास भोंगा ऐकून गावातली माणसे धावत येतात, असा माझा अनुभव आहे.

प्रशिक्षणाच्या चाळीस मिनिटांत फार विषय घेऊ नयेत. सिलिंडरची पिन काढणे, ज्वाळेच्या शेंड्यावर न मारता बुडाशी नेम धरणे आणि झाडू मारल्यासारखा पाइप दोन्ही बाजूंना फिरवणे, हे प्रत्येक पाळीतील निदान पाच-सहा जणांनी हाताने करून पाहावे. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर साधारण पंधरा-वीस सेकंदांतच रिकामा होतो, हे पाहिल्याशिवाय कोणालाही खरे वाटत नाही. कापसाबाबत एक गोष्ट वेगळी सांगावी: पावडरीने वरची ज्वाळा विझते, पण कापूस आतून धुमसत राहतो आणि काही तासांनी पुन्हा पेटतो. त्यामुळे ज्वाळा विझल्यावर ढीग उलगडून पाण्याने पूर्ण भिजवावा लागतो आणि त्यावर पहारा ठेवावा लागतो. याउलट, वीज चालू असलेल्या पॅनेलवर पाणी मारायचे नाही.

आता हजेरीविषयी, कारण सराव यशस्वी झाला की नाही हे त्यावरूनच कळते. वर सांगितलेल्या जिनिंगमध्ये पहिल्या रात्रीच्या सरावात रजिस्टरवर 17 नावे होती आणि झाडाखाली 15 माणसे उभी होती. उरलेल्या दोघांचा पत्ता लागायला अकरा मिनिटे गेली. एक जण दुसऱ्याशी बदली करून घरी गेला होता आणि तशी नोंद कुठेच नव्हती. दुसरा शौचालयात होता, तिथे भोंगा ऐकूच जात नव्हता. एवढ्यावर ते थांबले नाही. मोजणी पूर्ण झाल्यावर लक्षात आले की वजनकाट्याजवळ दोन चालक आपल्या गाड्यांत झोपलेले आहेत आणि त्यांची नावे आमच्या कोणत्याच यादीत नाहीत. त्यानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या: बदलीची नोंद फाटकावर झाल्याशिवाय आत प्रवेश नाही, शौचालयाजवळ दुसरा भोंगा, आणि कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्यांची व चालकांची वेगळी वही. बोटाच्या ठशाने हजेरी घेणारे यंत्र असले, तरी कागदी यादी फाटकावर ठेवावीच, कारण ते यंत्र आगीच्या वेळी इमारतीच्या आत असते.

सराव संपताच प्रत्येक पाळीची नोंद त्याच दिवशी करावी: भोंगा कधी वाजला, शेवटचा माणूस जागेवर कधी पोहोचला, मोजणी कधी पूर्ण झाली आणि कोण गैरहजर होते. गैरहजर असलेल्यांसाठी आठवडाभरात दुसरी छोटी सूचना काढावी, त्यांना त्यांच्याच पाळीत दोन्ही जागांपर्यंत चालवत न्यावे आणि यादीवर त्यांची सही किंवा अंगठा घ्यावा. हंगामात नवीन मजूर येत राहतात; त्यांना हीच फेरी कामाच्या पहिल्या दिवशी, यंत्रावर उभे करण्याआधी, करवून आणावी.