बिले तपासणारे मॉडेल: त्याला काय सापडते आणि काय निसटते

मी गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात ईआरपीचे, म्हणजे खरेदी, साठा आणि हिशेब एकत्र ठेवणाऱ्या संगणक प्रणालीचे काम पाहतो, आणि पुरवठादारांची बिले तपासणारे मॉडेल चालवणे हा त्या कामाचा एक भाग आहे. वाणिज्य किंवा संगणकशास्त्राची पदवी घेऊन या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. मॉडेल कसे बांधायचे हे अभ्यासक्रमात शिकता येते, परंतु बिल नेमके चुकते कुठे हे लेखा विभागात बसल्याशिवाय कळत नाही, आणि ते कळेपर्यंत मॉडेलला काय विचारायचे हेही ठरवता येत नाही.

कच्च्या मालाचे बिल आले की ईआरपी ते तीन ठिकाणी जुळवून पाहते: खरेदीची ऑर्डर म्हणजे पीओ, गोदामात माल उतरल्याची पावती म्हणजे जीआरएन, आणि प्रत्यक्ष बिल. दर किंवा नग जुळले नाहीत, तर बिल होल्डवर जाते. या वाटेने येणाऱ्या बिलांमध्ये मॉडेलसाठी फारसे काम उरत नाही. खरा धोका असतो तो वाहतूक, दुरुस्ती, कंत्राटी मजूर यांसारख्या सेवांच्या बिलांमध्ये, कारण तेथे अनेकदा पीओ नसतो, जीआरएन नसते आणि एखाद्या अधिकाऱ्याची सही एवढाच पुरावा असतो. नवख्याने सुरुवात याच बिलांपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

यातली सर्वांत नेहमीची चूक म्हणजे एकच बिल दोनदा पोस्ट होणे, म्हणजे हिशेबात दोनदा नोंदले जाणे. समजा, चिलरच्या दुरुस्तीचे एक लाख रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे १,१८,००० रुपयांचे बिल ईमेलने आले आणि ‘VN/0457/24-25’ या क्रमांकाने नोंदले गेले. पुढच्या आठवड्यात त्याचीच कागदी प्रत आली आणि दुसऱ्या सहकाऱ्याने ती ‘VN-457/24-25’ अशी नोंदली. त्यात त्या पार्टीचे दोन पुरवठादार कोड असतील, एक जुना आणि एक पत्ता बदलल्यावर उघडलेला, तर ईआरपीची स्वतःची दुबार-तपासणी दोन्ही कारणांनी फसते, कारण ती साधारणपणे त्याच कोडखालचा तोच क्रमांक अक्षरशः शोधते. येथे मॉडेलची गरजच नाही. क्रमांक एका साच्यात आणायचा आणि पुरवठादार कोडाऐवजी जीएसटी क्रमांकाने तुलना करायची, एवढे पुरते.

```python
import re
def bill_key(no):
    parts = re.split(r"[^A-Z0-9]+", no.upper())
    return "-".join(p.lstrip("0") for p in parts if p)
```

वरील दोन्ही क्रमांकांचा यातून `VN-457-24-25` असा एकच साचा निघतो. ‘VN0457’ असे सलग लिहिले असेल, तर मात्र हा उपाय चालत नाही. म्हणून त्याच जीएसटी क्रमांकाखाली तीच रक्कम आणि तीच बिलाची तारीख असलेल्या जोड्याही वेगळ्या काढाव्या लागतात. जीएसटीच्या नियमानुसार बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांपर्यंतचा असतो आणि तो एका आर्थिक वर्षापुरताच एकमेव असावा लागतो. पुढच्या एप्रिलपासून तीच पार्टी पुन्हा एकपासून क्रमांक सुरू करू शकते, त्यामुळे तुलनेत आर्थिक वर्ष धरलेच पाहिजे. नाही तर चांगली बिले उगाच अडकतात.

असे नियम लावून झाल्यावर जे उरते, ते मॉडेलकडे द्यावे. आम्ही आयसोलेशन फॉरेस्ट वापरतो. ही पद्धत लिऊ, टिंग आणि झोऊ यांनी २००८ मध्ये मांडली. तिची कल्पना सोपी आहे. बिलांचा कोणताही एक गुण, म्हणजे रक्कम किंवा तारखेसारखी एक बाब, यादृच्छिकपणे निवडायचा, त्यावर कुठेही एक छेद द्यायचा आणि असे छेद देत जायचे. चारचौघांसारखे बिल एकटे पाडायला पुष्कळ छेद लागतात, तर वेगळे बिल थोड्याच छेदांत बाजूला पडते. छेदांच्या अशा एका मांडणीला झाड म्हणतात; अशी अनेक झाडे बांधून सरासरी काढली की प्रत्येक बिलाला वेगळेपणाचा एक गुणांक मिळतो.

मॉडेलला बिलाचे कोणते गुण द्यायचे, यावर सगळे अवलंबून आहे. नुसती रक्कम दिली, तर मॉडेल दर महिन्याला विजेचे बिल आणि वार्षिक विम्याचा हप्ता काढून दाखवते; ती बिले मोठी आहेत हे लेखा विभागाला आधीच ठाऊक असते. त्याऐवजी त्याच पार्टीच्या त्याच सेवेच्या मागील दरांची मध्यिका काढून या बिलाचा दर तिच्या किती पट आहे, हे द्यावे. त्यासोबत बिलाची तारीख आणि पोस्टिंग यांतील अंतर, बँक खाते अलीकडे बदलले आहे का, आणि त्याच पार्टीची मागील सात दिवसांतील एकूण रक्कम, हेही द्यावे. शेवटचा गुण विशेष उपयोगी आहे. पन्नास हजारांवरील बिलाला वरिष्ठांची मंजुरी लागत असेल आणि एका आठवड्यात ४९,००० रुपयांची तीन बिले आली, तर त्यांतले प्रत्येक बिल सुटे पाहता अगदी साधे दिसते. १,४७,००० ही बेरीज मात्र लपत नाही.

आता मर्यादांकडे येतो. scikit-learn या पायथन लायब्ररीतील `IsolationForest` ला `contamination` हा आकडा देता येतो. तो `0.01` ठेवला आणि महिन्याच्या तीन हजार बिलांवर मॉडेल बसवले, तर त्यांतली साधारण तीस बिले वेगळी निघतात. त्या महिन्यात एकही चूक नसली तरी तीस निघतात आणि शंभर चुका असल्या तरी तीसच निघतात. हा आकडा चुकांचे प्रमाण शोधत नाही, ते आपण गृहीत धरून मॉडेलला सांगितलेले असते. म्हणून तो ठरवताना लेखा विभागातील माणसे महिन्याला किती बिले नीट पाहू शकतात, हा प्रश्न विचारावा.

दुसरी मर्यादा अशी की मॉडेलला दुर्मीळ काय हे कळते, चुकीचे काय हे कळत नाही. पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. एक लाखाच्या मालाचे बिल पूर्वी १,१२,००० रुपयांचे होई, ते १,०५,००० रुपयांचे झाले. जुन्या बिलांवर शिकलेल्या मॉडेलला त्यानंतरचे प्रत्येक बरोबर बिल संशयास्पद वाटू शकते, आणि एखाद्याने चुकून १२ टक्केच लावले असतील, तर तेच बिल त्याला नेहमीचे वाटते. असा बदल झाल्याचे ओळखण्याची खूण म्हणजे एकाच वस्तूची बिले अनेक पार्ट्यांकडून एकाच दिवसापासून वेगळी निघू लागतात. कराचा दर हा तारखेनुसार चालणाऱ्या तक्त्यातून नियमाने तपासावा, आणि मॉडेलला दर नेहमी कर वगळून द्यावा.

तिसरी मर्यादा मला सर्वांत गंभीर वाटते. एखाद्या वाहतूकदाराने वेर्णा ते न्हावा शेवा या फेरीचा दर दर महिन्याला फक्त दीड टक्क्याने वाढवला, तर वर्षाअखेरीस तो सुमारे १९.६ टक्के वाढलेला असतो. मध्यिका मागील तीन महिन्यांची असेल, तर प्रत्येक बिल तिच्यापेक्षा जेमतेम तीन टक्क्यांनी वर राहते आणि मॉडेलच्या नजरेत कधीच भरत नाही, कारण तुलनेचा पायाच त्या दराबरोबर वर सरकत असतो. मॉडेलची सेटिंग्ज कितीही बारकाईने जुळवली तरी यावर उपाय होत नाही. करारातला दर आणि डिझेलच्या भावानुसार त्यात मान्य केलेली वाढ ईआरपीत नोंदवून तुलना त्या आकड्याशी करावी लागते. असा करार नोंदलेलाच नसेल, तर ही त्रुटी खरेदी विभागाची आहे, आणि ती मॉडेलने झाकण्याऐवजी त्या विभागापुढे ठेवावी.

मॉडेलची परीक्षा घेतानाही सावध राहावे लागते. पूर्वी रद्द झालेली बिले ‘चुकीची’ मानून शिकवायचे ठरवले, तर रद्द केल्याच्या नोंदीचा क्रमांक किंवा होल्डचा शेरा गुणांमध्ये शिरता कामा नये. तो बिल पकडल्यानंतर तयार होतो आणि पोस्टिंगच्या क्षणी अस्तित्वातच नसतो. निकाल संशय येण्याइतका चांगला आला, तर प्रथम हेच तपासावे. शिवाय आपण फक्त मॉडेलने दाखवलेलीच बिले उघडून पाहिली, तर त्याने सोडलेल्या चुका कधीच कळत नाहीत. म्हणून दर महिन्याला न दाखवलेल्या बिलांपैकीही काही चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून तितक्याच काळजीने तपासावीत. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते टाळण्याचा मोह सर्वांनाच होतो, परंतु मॉडेलकडून काय निसटते याचा अंदाज देणारा दुसरा मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

याच बिलांवरून पुढील महिन्यांत पार्ट्यांना किती पैसे द्यावे लागतील, याचा अंदाजही काढतात. पुढच्या चार-सहा आठवड्यांसाठी उघड्या, म्हणजे अजून न चुकवलेल्या बिलांची आणि पीओंची यादी देय तारखेनुसार मांडणे, हे बहुतेक वेळा कोणत्याही मॉडेलपेक्षा सरस ठरते, कारण ते पैसे द्यायचेच आहेत. मॉडेल उपयोगी पडते ते त्यापुढच्या काळासाठी. तेथेही मागील वर्षाच्या त्याच महिन्याचा आकडा जसाच्या तसा घेतला तर किती चूक होते, हे आधी मोजावे. मॉडेलची चूक त्याहून कमी नसेल, तर ते चालवण्यात अर्थ नाही.

गोव्यात या अंदाजाला एक खास अडचण येते. गणेश चवथीच्या आठवड्यात कामगार गावी जातात, बिले उशिरा येतात आणि सुट्टीनंतर एकदम पोस्ट होतात. चवथ २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. इंग्रजी महिन्यांवर शिकणाऱ्या मॉडेलला हा खळगा दर वर्षी वेगळ्या जागी सापडतो, त्यामुळे चवथीची तारीख वेगळा गुण म्हणून द्यावी लागते. तरीही तीन वर्षांच्या नोंदींत चवथी तीनच असतात, आणि तेवढ्यावर फार भरवसा ठेवता येत नाही. मार्चचेही तसेच आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिले ठरलेल्या मुदतीत, म्हणजे लेखी करार नसल्यास १५ आणि असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती केली नाहीत, तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजावटीस धरला जातो, अशी तरतूद आयकर कायद्याच्या कलम ४३ब(एच) मध्ये २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली. त्यामुळे अशी थकलेली बिले आता मार्च संपण्याआधी चुकती करण्याची घाई होते, आणि ही तरतूद येण्याआधीचे मार्च महिने पाहून आताच्या मार्चचा अंदाज बांधला, तर तो कमी निघण्याची शक्यता मोठी असते.

या कारणांमुळे आम्ही वित्त विभागाला एक आकडा न देता पल्ला देतो: दहा वेळांपैकी नऊ वेळा देणे ज्याच्या आत राहावे असा वरचा आकडा, आणि तसाच एक खालचा. वरच्या आकड्याला पुरेल एवढी कॅश क्रेडिटची मर्यादा ते मोकळी ठेवतात, आणि दर सोमवारी उघड्या बिलांची ताजी यादी पाहून ती पुन्हा ठरवतात.