आधी कोणता विषय, मग कोणता? पूर्वअटींवरून क्रम लावण्याची रीत

अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत प्रत्येक विषयाखाली त्याच्या पूर्वअटी लिहिलेल्या असतात. हा विषय घ्यायचा तर आधी तो झालेला हवा, वगैरे. एकेक अट सोपी वाटते, पण सगळ्या एकत्र पाळणारा क्रम लावायला बसलं की गोंधळ उडतो. सॉफ्टवेअर बिल्ड करतानाही हेच कोडं असतं, फक्त विषयांऐवजी फाइली असतात. ते सोडवण्याची एक रीत आर्थर कान यांनी १९६२ साली प्रसिद्ध केली. तिला टोपोलॉजिकल सॉर्ट म्हणतात. कागद-पेन्सिल घेऊन करता येईल इतकी ती साधी आहे.

आपण कॉम्प्युटर शाखेचे आठ विषय घेऊ. प्रोग्रामिंग आणि डिस्क्रीट गणित यांना कसलीच अट नाही. डेटा स्ट्रक्चरला हे दोन्ही लागतात. ऑर्गनायझेशनला फक्त प्रोग्रामिंग लागतं. अल्गोरिदम आणि डेटाबेस या दोघांना डेटा स्ट्रक्चर पुरतं. ऑपरेटिंग सिस्टीमला डेटा स्ट्रक्चर आणि ऑर्गनायझेशन लागतात, तर कंपायलरला अल्गोरिदम आणि ऑर्गनायझेशन.

पायरी १ : जोड्या लिहा. एका ओळीत एकच अट, आधीचा विषय डावीकडे आणि नंतरचा उजवीकडे. आपल्या नऊ ओळी होतात:

```
प्रोग्रामिंग डेटा_स्ट्रक्चर
डिस्क्रीट डेटा_स्ट्रक्चर
प्रोग्रामिंग ऑर्गनायझेशन
डेटा_स्ट्रक्चर अल्गोरिदम
डेटा_स्ट्रक्चर डेटाबेस
डेटा_स्ट्रक्चर ऑपरेटिंग
ऑर्गनायझेशन ऑपरेटिंग
अल्गोरिदम कंपायलर
ऑर्गनायझेशन कंपायलर
```

फक्त थेट अटी लिहायच्या. कंपायलरला प्रोग्रामिंगही लागतंच, पण ते ऑर्गनायझेशनमार्फत आपोआप आलं. वेगळं लिहिलंत तरी क्रम बिघडत नाही, कागद मात्र उगाच भरतो.

पायरी २ : प्रत्येक विषयासमोर बाकी अटींचा आकडा मांडा. म्हणजे तो विषय उजव्या बाजूला किती वेळा आला ते मोजा. प्रोग्रामिंग ०, डिस्क्रीट ०, डेटा स्ट्रक्चर २, ऑर्गनायझेशन १, अल्गोरिदम १, डेटाबेस १, ऑपरेटिंग २, कंपायलर २.

पायरी ३ : शून्यवाला उचला, त्याच्या मागच्यांचे आकडे एकाने कमी करा. प्रोग्रामिंग उचललं की डेटा स्ट्रक्चर २ वरून १ वर येतं आणि ऑर्गनायझेशन ० होतं. डिस्क्रीट उचललं की डेटा स्ट्रक्चरही ० होतं. मग ऑर्गनायझेशन घेतलं, तर ऑपरेटिंग आणि कंपायलर दोन्ही १ वर आले. डेटा स्ट्रक्चर घेताच अल्गोरिदम, डेटाबेस आणि ऑपरेटिंग तिन्ही एकदम मोकळे झाले. त्यातलं अल्गोरिदम घेतलं की कंपायलरही सुटला. क्रम लागला: प्रोग्रामिंग, डिस्क्रीट, ऑर्गनायझेशन, डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम, ऑपरेटिंग, डेटाबेस, कंपायलर.

हा एकमेव क्रम नव्हे. ज्या क्षणी शून्यवाले दोन किंवा जास्त असतात, त्या क्षणी निवड तुमची. डिस्क्रीट आधी घेतलं असतं तरी चाललं असतं. दोघांचे क्रम वेगळे आले म्हणून कोणाचा चुकला असं होत नाही. तपासणी एकच: प्रत्येक जोडीतला डावा विषय क्रमात उजव्याच्या आधी येतो का?

सत्रं पाडायची असतील तर एकेक न उचलता त्या वेळचे सगळे शून्यवाले एकत्र उचला. पहिल्या सत्रात प्रोग्रामिंग आणि डिस्क्रीट, दुसऱ्यात डेटा स्ट्रक्चर आणि ऑर्गनायझेशन, तिसऱ्यात अल्गोरिदम, डेटाबेस आणि ऑपरेटिंग, चौथ्यात कंपायलर. चारपेक्षा कमी सत्रांत हे बसणारच नाही, कारण प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम, कंपायलर ही साखळीच चार कड्यांची आहे.

अडलं तर? खरी गंमत इथे आहे. समजा, अभ्यासक्रम बदलताना कोणीतरी अट घातली की ऑर्गनायझेशनच्या आधी ऑपरेटिंग झालेलं हवं. ऑर्गनायझेशनचा आकडा आता २. पुन्हा करून पाहा: प्रोग्रामिंग, डिस्क्रीट, डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम, डेटाबेस एवढे सुटतात आणि गाडी थांबते. ऑर्गनायझेशन, ऑपरेटिंग, कंपायलर तिघांसमोर १ उरतो आणि शून्यवाला कोणीच नाही. विषय उरलेत पण शून्य नाही, याचा अर्थ अटी कुठेतरी गोल फिरल्या आहेत.

उरलेले सगळेच दोषी असतात असं मात्र नाही. कंपायलर बिचारा नुसता मागे अडकला आहे. चक्र नेमकं पकडायला कोणत्याही उरलेल्या विषयापासून उलटं चाला, दर वेळी त्याच्या एखाद्या उरलेल्या पूर्वअटीकडे. कंपायलरकडून ऑर्गनायझेशन, तिथून ऑपरेटिंग, तिथून पुन्हा ऑर्गनायझेशन. नाव दुसऱ्यांदा आलं की त्या दोन वेळांच्या मधले विषय म्हणजे चक्र. उलटंच चालायचं, कारण उरलेल्या प्रत्येकाची निदान एक अट उरलेली असतेच, त्यामुळे वाट कधी बंद होत नाही. सुलट गेलात तर कंपायलरपाशी पोचून तिथेच अडकू शकता.

चक्र मोडणं हे गणिताचं काम नाही, माणसाचं आहे. कोणती अट खरंच लागते ते विषय शिकवणाऱ्यालाच विचारावं लागतं. बहुतेक वेळा एक अट 'असेल तर बरं' एवढीच निघते आणि ती खोडता येते. दोन्ही खऱ्याच असतील तर ते विषय एकाच सत्रात जोडीने ठेवून, क्रम लावताना दोघांना मिळून एकच विषय धरायचं.

यादी मोठी असेल तर लिनक्सवर किंवा मॅकवर यासाठी तयार आज्ञा आहे. वरच्या जोड्या `ati.txt` मध्ये ठेवा आणि चालवा:

```
tsort ati.txt
```

नावात मोकळी जागा नको, म्हणूनच वर अधोरेषा वापरली आहे. ज्याला अटही नाही आणि ज्यावर कोणी अवलंबूनही नाही, असा विषय एकाच ओळीत दोनदा लिहायचा, नाहीतर तो यादीत येणारच नाही. लिनक्सवरची `tsort` चक्र सापडलं की `input contains a loop` असं सांगते, पण तरीही एक क्रम छापते. तो क्रम वापरू नका, त्यात एक तरी अट मोडलेली असते. सॉफ्टवेअर बिल्ड करण्याचं साधन `make` सुद्धा अशा वेळी `Circular ... dependency dropped` असं म्हणून पुढे जातं. शेकडो ओळींच्या आउटपुटमध्ये ती ओळ सहज नजरेतून सुटते.

`make` वापरणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. Makefile मध्ये हवी असलेली फाइल डावीकडे आणि तिच्या अटी उजवीकडे असतात, म्हणजे `tsort` च्या नेमकं उलट. त्याच दिशेने जोड्या लिहिल्या तर क्रम शेवटाकडून सुरुवातीकडे येतो आणि चूक झाल्याचा संदेशही मिळत नाही. यादीतल्या पहिल्या नावाला खरंच काही लागत नाही ना, एवढं पाहिलं की लगेच कळतं.

ही रीत कुठे पुरत नाही? एका सत्रात दोनच विषय घेता येत असतील तर नुसते शून्यवाले उचलून भागत नाही. तिसऱ्या सत्रात अल्गोरिदम आणि ऑपरेटिंग घेतलं तर चौथ्यात डेटाबेस आणि कंपायलर बसतात. पण तिसऱ्यात डेटाबेस आणि ऑपरेटिंग घेतलं तर अल्गोरिदम चौथ्यात जातं आणि कंपायलरसाठी पाचवं सत्र लागतं. अटी दोन्हीकडे पाळल्या गेल्या, एक सत्र मात्र वाढलं. म्हणून शून्यवाल्यांतून निवडताना ज्याच्या मागे सर्वांत लांब साखळी आहे तो आधी उचला. यादी मोठी असेल तर त्यानेही दर वेळी कमीत कमी सत्रांचं वेळापत्रक मिळेलच असं नाही. आणि 'गणित किंवा संख्याशास्त्र, दोन्हींपैकी एक' अशी अट जोडीत लिहिताच येत नाही. आधी दोन्हींपैकी कोणता घेणार ते ठरवा, मगच ओळ लिहा.