या चुका टाळा : कर्त्यामागचा आणि ‘कारण’नंतरचा स्वल्पविराम

सोलापुरात अहवाल, स्मरणिका आणि निमंत्रणपत्रिका यांची मुद्रिते तपासताना माझी पेन्सिल सर्वांत जास्त झिजते ती कर्त्याच्या पाठीमागे विनाकारण उभ्या केलेल्या स्वल्पविरामावर. ‘सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक पाहण्यासाठी पंचक्रोशीतून आलेली मंडळी, रस्त्याच्या दुतर्फा उभी होती’ हे वाक्य पाहा. लिहिणाऱ्याचा श्वास ‘मंडळी’पाशी संपला, म्हणून त्याने तेथे चिन्ह ठेवले. परंतु या वाक्यात पूर्ण क्रियापद एकच आहे, आणि ‘मंडळी’ या कर्त्याचे लिंग-वचन ‘उभी होती’ या क्रियापदात उतरलेले असल्यामुळे दोघांचे नाते उघड आहे. मध्ये अडसर घालण्याचे काही कारण नाही. हेच वाक्य ‘जे लोक पंचक्रोशीतून आले होते, ते रस्त्याच्या दुतर्फा उभे होते’ असे लिहिले, तर स्वल्पविराम योग्य ठरतो, कारण आता ‘आले होते’ आणि ‘उभे होते’ अशी दोन क्रियापदे आणि दोन उपवाक्ये झाली. म्हणून मी आधी क्रियापदे मोजतो आणि मगच चिन्हाकडे पाहतो. दम लागतो तेथे स्वल्पविराम द्यावा, हा उपदेश शाळेत कोणी दिला असेल, तर तो मोठ्याने वाचण्यापुरता ठेवावा.

मात्र कर्त्यानंतरचा प्रत्येक स्वल्पविराम डोळे मिटून खोडणे ही त्याहून वाईट खोड आहे. एका गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक अहवालाचे काम चालू होते. मजकूर लिहिणाऱ्या गृहस्थांनी ‘सभासदांनी,’ ‘संचालकांनी,’ असे जवळजवळ प्रत्येक वाक्यात केले होते. अक्षरजुळणी करणारा नवा मुलगा हुशार होता, पण त्याला वाक्य वाचण्याचा कंटाळा. त्याने संगणकाला ‘नी’नंतरचे सगळे स्वल्पविराम एका फटक्यात काढायला सांगितले आणि अहवाल थेट छपाईला गेला. मूळ मजकुरात एक वाक्य असे होते : ‘सभासदांनी, ठरवून दिलेल्या तारखेपर्यंत थकबाकी भरावी.’ छापून आले ते असे : ‘सभासदांनी ठरवून दिलेल्या तारखेपर्यंत थकबाकी भरावी.’ म्हणजे तारीख कोणी ठरवायची? सभासदांनी! सर्वसाधारण सभेत दोन-तीन थकबाकीदारांनी हेच वाक्य वाचून दाखवले आणि आम्ही अजून तारीख ठरवलेली नाही, असे ठणकावून सांगितले. शेवटी शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवावी लागली.

मराठीत ही अडचण वारंवार येते, कारण ‘नी’ किंवा ‘ने’ लागलेला कर्ता पुढच्या ‘दिलेल्या’, ‘ठरवलेल्या’, ‘मागितलेल्या’ अशा धातुसाधित विशेषणाला सहज चिकटतो. अशा जागी स्वल्पविराम खरोखर अर्थ वाचवतो. तरीही माझी सवय अशी की वाक्याचा सगळा भार त्या चिमुकल्या चिन्हावर टाकू नये, शब्द हलवावेत. ‘ठरवून दिलेल्या तारखेपर्यंत सभासदांनी थकबाकी भरावी’ असे लिहिले की स्वल्पविराम गळून पडला तरी अर्थ बिघडत नाही.

दुसरी चूक ‘कारण’नंतरची. ‘उद्या पाणी येणार नाही कारण, उजनीहून येणाऱ्या जलवाहिनीची दुरुस्ती चालू आहे’ असे फलकांवरही दिसते. बोलताना आपण ‘कारण’ म्हणून थोडे थांबतो, पण ‘कारण’ हे अव्यय पुढच्या उपवाक्याचे आहे, मागच्याचे नव्हे. चिन्ह द्यायचे तर ते त्याच्या आधी द्यावे : ‘उद्या पाणी येणार नाही, कारण उजनीहून येणाऱ्या जलवाहिनीची दुरुस्ती चालू आहे.’ ‘कारण’ नाम असेल, तर तेही नको. ‘पाणी न येण्याचे कारण, जलवाहिनीची दुरुस्ती हे आहे’ यात पहिल्याच चुकीने वेश बदललेला आहे, कारण येथे ‘कारण’ हाच कर्ता आहे.

‘कारण’नंतर स्वल्पविराम चालतो तो एकाच स्थितीत, म्हणजे तेथे मध्येच एखादा वाक्यांश घातलेला असेल तेव्हा. ‘कारण, वर सांगितल्याप्रमाणे, दुरुस्ती चालू आहे’ यात दोन्ही बाजूंचे स्वल्पविराम जोडीने हवेत. मी त्या दोहोंमधला मजकूर बोटाने झाकून उरलेले वाक्य वाचतो. ते धड उभे राहिले, तर जोडी ठेवतो, नाहीतर दोन्ही खोडतो. एकच ठेवून दुसरा विसरणारे लेखक मात्र पुष्कळ भेटतात.

‘की’नंतर स्वल्पविराम नको. ‘मंगळवेढ्याची ज्वारी, सांगोल्याची डाळिंबे आणि सोलापूरची चादर’ अशा यादीत ‘आणि’च्या आधी तो लागत नाही. हाक मारताना मात्र तो विसरू नये : ‘काका, पाटील आले’ यात काकांना बातमी दिलेली आहे आणि ‘काका पाटील आले’ यात काका पाटील नावाचे गृहस्थ स्वतः दारात उभे आहेत.