सातवाहनांची ‘सात वाहनं’: मराठी-संस्कृत कॅप्शन दुरुस्त करून स्वच्छ एसआरटी फाइल कशी काढावी

पैठणला आमच्या एका निवृत्त गुरुजींनी गावाच्या इतिहासावर ४० मिनिटं व्याख्यान दिलं. मी ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि `Subtitle Edit` या मोफत प्रोग्राममध्ये आपोआप कॅप्शन काढून घेतल्या. त्यातून एसआरटी फाइल मिळते, म्हणजे कॅप्शनच्या ओळी आणि त्यांच्या वेळा असलेली साधी मजकूर फाइल. पहिल्याच मिनिटाला ओळ आली, ‘इथं सात वाहन राजांची राजधानी होती.’ पुढं ‘प्रतिष्ठान’चं ‘प्रतिष्ठा न’ झालेलं आणि ‘गर्भगृह’ सगळीकडं ‘गर्भग्रह’. बोलणं स्वच्छ होतं, पण यंत्रानं अनोळखी नाव ऐकलं की त्याला जवळचा, रोजच्या वापरातला शब्द दिला. चुका अशा ठरावीक वाटेनं होतात, म्हणूनच त्या पद्धतशीर काढता येतात.

आधी कच्च्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. मग दुरुस्तीला हात न लावता पहिली दहा मिनिटं कान देऊन ऐका आणि चुकलेले शब्द वहीत दोन रकान्यांत लिहा: काय आलं, काय हवं. माझ्या वहीत वीसेक शब्द जमले आणि पुढच्या अर्ध्या तासात तेच फिरून फिरून येत होते.

ही यादी `Edit` मेनूतल्या `Multiple replace` मध्ये भरा. प्रोग्राम बदलणारी प्रत्येक ओळ आधी दाखवतो आणि नको त्या ओळीची खूण काढता येते. ‘ब्रम्ह’चं ‘ब्रह्म’ बिनधास्त करा, कारण ‘ब्रम्ह’ कुठंच बरोबर नसतं. पण ‘ग्रह’च्या जागी ‘गृह’ असं टाकलंत, तर गर्भगृह सुधारेल आणि नवग्रहांचं ‘नवगृह’, संग्रहाचं ‘संगृह’ होऊन बसेल. म्हणून शब्द पूर्ण द्या, ‘गर्भग्रह’ जाऊन ‘गर्भगृह’. ‘गर्भग्रहात’, ‘गर्भग्रहाचा’ ही रूपं आपोआप सुधारतात. ‘सात वाहन’ बदलताना मात्र ओळी वाचा. गुरुजींनी एका ठिकाणी घाटावर उभ्या असलेल्या खऱ्याखुऱ्या सात वाहनांचाही उल्लेख केला होता!

एक चूक डोळ्याला चटकन दिसत नाही. ‘आचार्यांना बोलावलं’ आणि ‘आचाऱ्यांना बोलावलं’ यांत एक विद्वान आहे, दुसरा स्वयंपाकी. रफार आणि अर्धा ‘ऱ’ यांची गल्लत कॅप्शनमध्ये नेहमी होते: ‘डोंगरदऱ्या’ची ‘डोंगरदर्या’ होते. त्यातच ‘ऱ्या’ दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साध्या ‘र’च्या हलंतामागं न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही एकसारखेच दिसतात, पण शोधताना एकच सापडतो. शब्द समोर दिसतोय आणि शोध म्हणतोय ‘नाही’, असं झालं की तो शब्द फाइलमधूनच कॉपी करून शोधाच्या चौकटीत टाका. ‘दुःख’मधल्या विसर्गाचंही तसंच. पुष्कळदा तिथं विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे टिंब असतात. ते ‘दु:ख’ बदलून खरा विसर्ग घाला.

आता पूर्ण फाइल ऐकत जा, आणि इथं घाई करू नका. गुरुजी म्हणतात, ‘मी तुम्हाला काय सांगायलो?’ कॅप्शननं लिहिलं, ‘मी तुम्हाला काय सांगायला’. यंत्रानं आपल्या मराठवाडी क्रियापदाला पुस्तकी रूप समजून घेतलं आणि वाक्याचा अर्थच गेला. ते ‘सांगायलो’च करा, ‘सांगतोय’ करू नका. माणूस बोलला तसं लिहिणं हे कॅप्शनचं काम आहे, आणि आपली बोली सुधारण्याचा अधिकार आपण कुणाला दिलेला नाही. असे शब्द यादीनं बदलू नका. ‘सांगायला आलो’ मधला ‘सांगायला’ बरोबर असतो. तिथं कानाशिवाय इलाज नाही.

संस्कृतसाठी एक जुनी युक्ती फार उपयोगाची आहे, अक्षरं मोजणं. व्याख्यानाची सुरुवात दिवा लावून ‘शुभं करोति’नं झाली. हा अनुष्टुभ छंद आहे, म्हणजे एकूण चार चरण आणि प्रत्येकात आठ अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार, विसर्ग आणि ‘ऽ’ हा अवग्रह मोजायचे नाहीत. कॅप्शनमध्ये तिसरा चरण ‘शत्रू बुद्धी विनाश’ असा होता. मोजली तर सातच अक्षरं, म्हणजे एक गळलं. ‘शत्रुबुद्धिविनाशाय’ची आठ भरतात. चौथा चरण मात्र ‘दीप ज्योती नमस्तुते’ असा आला होता आणि त्याची आठच भरली! मोजणीत तो पास झाला, पण बरोबर नव्हता. हवं होतं ‘दीपज्योतिर्नमोऽस्तु ते’. म्हणजे गळलेलं अक्षर मोजून कळतं, बदललेलं नाही. त्यासाठी श्लोक शुद्ध म्हणणाऱ्या एखाद्याला दाखवून घ्यावा. ऱ्हस्व-दीर्घाचा नियमही इथं वेगळा आहे. मराठीत आपण शब्दाच्या शेवटी ‘बुद्धी’, ‘शत्रू’ लिहितो, संस्कृत समासाच्या पोटात ते ‘बुद्धि’, ‘शत्रु’ राहतात.

श्लोक तोडायचा तर चरणावर तोडा. इथं दुसऱ्या चरणाचा ‘मारोग्यं’ पहिल्याच्या ‘ण’ला चिकटलेला आहे, म्हणून मी ते दोन चरण एका ओळीत ठेवले. साध्या बोलण्यात एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी ठेवा, आणि ‘प्रतिष्ठान नगरी’ अशी जोडी दोन ओळींत फोडू नका. दुरुस्तीनंतर त्या भागाची फाइल अशी दिसायला हवी:

```
1
00:00:04,200 --> 00:00:09,600
शुभं करोति कल्याणमारोग्यं धनसंपदा।

2
00:00:09,800 --> 00:00:15,300
शत्रुबुद्धिविनाशाय
दीपज्योतिर्नमोऽस्तु ते॥

3
00:00:21,000 --> 00:00:25,400
इथं सातवाहन राजांची
राजधानी होती.
```

क्रमांक, वेळ, मजकूर आणि मग एक रिकामी ओळ. सेकंद आणि मिलिसेकंदांच्या मध्ये स्वल्पविराम असतो, टिंब नाही. आकडे देवनागरीत हवेत म्हणून नोटपॅडमध्ये सरसकट बदल केलात, तर वेळेचे आकडेही बदलतात आणि एकही ओळ दिसत नाही. देवनागरी अंक फक्त मजकुरात. तपासायला फाइल डीटीपीवाल्याकडं द्यायची तर मजकूर युनिकोडमध्येच राहू द्या म्हणून आधी सांगा. जुन्या फॉन्टातला मजकूर त्याच्या पडद्यावर मराठी दिसतो आणि व्हिडिओवर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा येतो.

सेव्ह करताना `Format` मध्ये `SubRip (.srt)` आणि `Encoding` मध्ये `UTF-8` निवडा. दुसरं काही निवडलंत तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात, आणि तशी फाइल सेव्ह झाली की मूळ अक्षरं परत मिळत नाहीत. सुरुवातीची प्रत त्यासाठीच ठेवली होती. नोटपॅडमधून सेव्ह केली असेल तर नाव `.srt.txt` झालं नाही ना, तेही पाहा.

मग एसआरटी व्हिडिओच्याच फोल्डरमध्ये, त्याच नावानं ठेवून व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर फाइल बहुतेक ठीक असते, फॉन्ट चुकलेला असतो. `Preferences` मधल्या `Subtitles / OSD` मध्ये `Nirmala UI` निवडून व्हीएलसी पुन्हा उघडा. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी ओठ आणि ओळ जुळतात का ते बघा. सगळीकडं सारखंच अंतर असेल तर `Subtitle Edit` च्या `Synchronization` मधल्या `Adjust all times` नं पूर्ण फाइल एकदम पुढं-मागं सरकवता येते. सुरुवातीला जुळतंय आणि एका जागेपासून पुढं अंतर पडतंय, असं असेल तर पूर्ण फाइल सरकवून भागत नाही. बहुधा कॅप्शन एका व्हिडिओवरून काढलेल्या असतात आणि लावलेल्या काटछाट केलेल्या दुसऱ्यावर. माझ्याकडं तसंच झालं होतं. मधला दोन मिनिटांचा सत्कार कापला होता, त्यापुढच्या सगळ्या ओळी निवडून तेवढ्याच मागं आणल्या.