मोती आणि हिरा एकाच वाटीत धुऊ नका

गेल्या वर्षी आमच्या घरी लग्नकार्याच्या आधी सासूबाईंची दुपदरी मोत्यांची माळ आणि हिऱ्याची अंगठी एकाच वाटीतल्या साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजत घातली गेली. सकाळी अंगठी लखलखत होती. माळेचा दोरा मात्र पिवळट होऊन सैलावला होता, आणि ती उभी धरली की फाशाजवळचे मोती खाली घसरून मधला दोरा उघडा पडत होता. साबण दोन्हींना एकच चालतो. चूक झाली ती दोन्हींना एकाच रीतीने धुण्यात.

हिरा हा अतिशय कठीण खडा असला तरी तेल आणि स्निग्ध पदार्थ त्याला चटकन चिकटतात. हात धुताना राहिलेला साबण, हाताला लावलेले क्रीम आणि कणकेचे कण कोंदणाच्या मागच्या बाजूला साचतात, त्यामुळे वरून कितीही पुसले तरी खडा धुरकटच दिसतो. अंगठी वाटीभर कोमट पाण्यात सौम्य द्रव साबणाचे दोन-तीन थेंब घालून वीस-तीस मिनिटे ठेवावी, मग लहान मुलांच्या मऊ ब्रशाने मागच्या बाजूने हलकेच घासावी आणि स्वच्छ पाण्यात धुऊन सुती कापडाने टिपावी. हे बेसिनवर करायचे असेल तर आधी बूच लावावे, कारण निसटलेली अंगठी पाइपातून काढणे हे सोनाराचे नव्हे, प्लंबरचे काम ठरते. धुण्यापूर्वी अंगठी कानाशी धरून हलकेच हलवावी. बारीक खुळखुळ ऐकू आली तर खडा धरणारे सोन्याचे दाते सैल झालेले असू शकतात आणि ती ब्रश न लावता सोनाराकडे न्यावी. ब्लीचमधील क्लोरीन सोन्यातील मिश्रधातूला अपाय करते, म्हणून ते कधीही वापरू नये. मागून बंद असलेले कुंदनकाम भिजवूच नये, कारण खड्यामागच्या वर्खापर्यंत पाणी गेले की तो काळवंडतो.

मोती हा खडाच नव्हे. शिंपल्यातील जीवाने चुन्याच्या द्रव्याचे अतिशय पातळ थर सेंद्रिय पदार्थाने जोडून तो घडवलेला असतो, आणि ती झळाळी त्या थरांमधूनच येते. आम्ल लागले की चुना विरघळतो; म्हणून लिंबू, व्हिनेगर किंवा लिंबू घातलेला भांड्यांचा साबण वापरल्यास मोती उजळण्याऐवजी त्याचा वरचा थर झिजतो. टूथपेस्टमधील बारीक कणांमुळे ओरखडे पडतात, अमोनियामुळे मोत्याचा पृष्ठभाग खराब होतो, आणि दागिने हलवून धुणारे अल्ट्रासॉनिक यंत्र किंवा वाफ यांपैकी काहीही मोत्यासाठी नाही.

माळेसाठी अर्धी वाटी कोमट पाण्यात लहान मुलांच्या सौम्य द्रव साबणाचा एकच थेंब पुरतो. माळ मऊ कापडावर आडवी पसरावी, दुसरे सुती कापड या पाण्यात बुडवून घट्ट पिळावे आणि एकेक मोती दोन बोटांत धरून फिरवत पुसावा. नंतर साध्या पाण्यात पिळलेल्या कापडाने साबण टिपून घ्यावा, नाहीतर त्याचीच पांढुरकी साय मोत्यावर राहते आणि माळ आणखी निस्तेज दिसते. दोरा ओला झालाच तर माळ टांगू नये. मोत्यांच्या वजनाने ओला रेशमी दोरा ताणला जातो. पूर्ण दिवसभर आडवीच वाळवावी आणि तोवर गळ्यात घालू नये.

साबणाने न जाणारा निस्तेजपणा कसा ओळखावा? आधी मानेमागचा, फाशाजवळचा एक मोती पुसून पाहावा, कारण घाम आणि अत्तर तिथेच अधिक लागते. तो शेजारच्यापेक्षा उजळ दिसला तर तो मळ होता आणि उरलेली माळही उजळेल. फरक पडला नाही तर छिद्राच्या कडेला भिंग लावून बघावे: पातळ सालीसारखा थर सुटून आतला निराळा मणी दिसत असेल तर तो शिंपल्यात मणी ठेवून मुद्दाम वाढवलेल्या, म्हणजे संवर्धित मोत्याचा थर झिजलेला असेल किंवा तो नकली मोत्याचा रंगवलेला लेप असेल, आणि यापैकी काहीही घरी दुरुस्त होत नाही. वयाने आलेला पिवळसरपणाही धुऊन जात नाही. जुन्या माळेचा तो रंगच आहे, आणि मला तर तो आवडतो.

आमच्या माळेला अखेर पटवेकऱ्याकडून नवा रेशमी दोरा घालून, दोन मोत्यांमध्ये गाठ देत पुन्हा ओवून घ्यावे लागले. गाठींमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तर एखादाच सुटतो. आता माळ मऊ कापडाच्या पिशवीत असते आणि अंगठी वेगळ्या डबीत, कारण एकाच डबीत हिरा मोत्यावर सहज चरे पाडतो.